घड्याळातले मशीन: क्वार्ट्झ, ऑटोमॅटिक की चावीचे?

मनगटी घड्याळाच्या डायलखाली जी यंत्रणा असते तिला बाजारात ‘मशीन’ म्हणतात. नेहमीच्या वापराच्या घड्याळांत ते तीन प्रकारचे आढळते. क्वार्ट्झ मशीन सेलवर चालते. चावीचे मशीन रोज हाताने चावी देऊन चालवावे लागते. ऑटोमॅटिक हे मुळात चावीचेच मशीन असते, फक्त त्याची चावी मनगटाच्या हालचालीने भरली जाते. म्हणजे खरी विभागणी दोनच गटांत होते: एकीकडे सेल आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट, दुसरीकडे स्प्रिंग आणि दातेरी चाके. पहिल्यांदा घड्याळ घेणारा बहुधा डायल, पट्टा आणि किंमत पाहून निवड करतो. मात्र पुढची दहा वर्षे त्या घड्याळाशी कसे वागावे लागणार, हे मशीन ठरवते.

क्वार्ट्झ घड्याळात ‘ट्यूनिंग फोर्क’च्या आकाराचा क्वार्ट्झचा एक बारीकसा स्फटिक असतो. विजेचा दाब मिळाला की तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. तो लागोपाठ पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर 1 उरतो आणि सर्किट नेमके तेवढेच काम करते. दर सेकंदाला मिळणारा तो एक ठोका छोट्या मोटरकडे जातो, मोटर अर्धा फेरा घेते आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. सेकंदाला एकदा थांबत थांबत चालणारा काटा ही क्वार्ट्झची ओळख असते ती यामुळेच. ती अगदी पक्की मात्र नव्हे, कारण सेकंदाला चार बारीक पावले टाकणारी क्वार्ट्झ मशीनेही बाजारात आहेत.

सायकोने 25 डिसेंबर 1969 रोजी टोकियोत ‘अॅस्ट्रॉन’ विक्रीला आणले. ते जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. त्याची किंमत साडेचार लाख येन होती आणि महिन्याला 5 सेकंदांपर्यंतच फरक पडेल असा कंपनीचा दावा होता. आजच्या साध्या क्वार्ट्झ मशीनला इतकी अचूकता साधलेली नाही. स्वस्त घड्याळांत सर्रास बसवल्या जाणाऱ्या ‘मियोटा 2035’ या मशीनसाठी महिन्याला 20 सेकंद पुढे किंवा मागे एवढी सूट धरलेली आहे. तरीही रोजच्या कामासाठी हे पुरून उरते. वर्षभर हात लावला नाही तरी चूक फार तर चार मिनिटांची होईल.

स्प्रिंगच्या घड्याळात वेळ मोजण्याचे काम बॅलन्स नावाचे छोटे चाक करते. केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या आधाराने ते एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झोके घेते. प्रत्येक झोक्याला चाकांची माळ अर्धा दात पुढे सुटते आणि कानाला लावल्यावर ऐकू येणारी टिकटिक होते. एचएमटीच्या जुन्या ‘जनता’सारख्या घड्याळात सेकंदाला असे 5 ठोके पडतात, तर सायकोच्या साध्या ऑटोमॅटिकमध्ये 6. म्हणून या घड्याळांचा सेकंदकाटा सरकत गेल्यासारखा दिसतो. सारी ताकद मुख्य स्प्रिंगमधून येते. ती पूर्ण भरली की साधारण 40 तास पुरते.

बॅलन्सवर गुरुत्वाकर्षण, तापमान, तेलाचा चिकटपणा, चुंबक आणि स्प्रिंगमध्ये उरलेली ताकद या सगळ्यांचा परिणाम होतो. म्हणून इथे अचूकतेचे माप महिन्यावर नसून दिवसावर असते. सायकोचे ‘एनएच35’ आणि मियोटाचे ‘8215’ ही साध्या ऑटोमॅटिक घड्याळांतली बहुप्रचलित मशीने. दोघांसाठीही कंपनीने दिलेली मर्यादा दिवसाला 20 सेकंद मागे ते 40 सेकंद पुढे अशी आहे. दिवसाला 20 सेकंद पुढे जाणारे घड्याळ महिन्याने 10 मिनिटे पुढे असेल आणि तरीही ते कंपनीच्या दृष्टीने निर्दोष असेल. दिवसाच्या 86,400 सेकंदांत 20 सेकंदांची चूक हे एवढ्याशा चाकासाठी मुळीच वाईट काम नाही. पण लोकलच्या वेळेवर डोळा ठेवून धावणाऱ्याला हे आधी माहीत असलेले बरे. नव्या ऑटोमॅटिकबद्दल दुकानात येणाऱ्या बऱ्याच तक्रारी बिघाडाच्या नसतात. त्या या फरकाची कल्पना नसल्यामुळे येतात.

स्प्रिंगचे घड्याळ चांगले आहे की नाही हे पाहताना फरक किती आहे यापेक्षा तो रोज तेवढाच आहे का, हे जास्त महत्त्वाचे. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. घड्याळ पूर्ण भरून मोबाइलच्या वेळेशी जुळवावे. ज्या मशीनमध्ये चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नाही (जुनी एचएमटी आणि सायकोचे ‘7एस26’ ही त्यांतली) तिथे काटा 12 वर आला की मोबाइलवर किती सेकंद झाले आहेत एवढेच टिपावे. मग रोज सकाळी त्याच वेळेला, समजा आठ वाजता, फरक लिहून ठेवावा. पहिल्या दिवशी घड्याळ 14 सेकंद पुढे, दुसऱ्या दिवशी एकूण 27, तिसऱ्या दिवशी 42, चौथ्या दिवशी 55 अशी नोंद झाली, तर ते घड्याळ दिवसाला 13 ते 15 सेकंद पुढे जाते. चाल एकसारखी आहे. हवे असल्यास कारागीर बॅलन्सवरची बारीक कळ किंचित सरकवून हा फरक पाच-सहा सेकंदांवर आणू शकतो. याउलट पहिल्या दिवशी 14 पुढे, दुसऱ्या दिवशी एकूण 20 मागे, तिसऱ्या दिवशी 35 पुढे अशी नोंद आली, तर चौथ्या दिवशी ते कदाचित अगदी बरोबर वेळही दाखवेल, पण त्या मशीनवर भरवसा ठेवता येणार नाही. तेल सुकले आहे, घाण साचली आहे किंवा एखादा भाग झिजला आहे असे समजावे. अशा घड्याळाची कळ हलवून काही साधत नाही, त्याला सर्व्हिसिंगच लागते.

या नोंदीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. रात्री घड्याळ डायल वर करून ठेवले, चावीची बाजू खाली करून ठेवले किंवा वर करून ठेवले, तर तिन्ही वेळा त्याची चाल किंचित वेगळी असते. दिवसभर थोडे पुढे जाणारे घड्याळ रात्री ज्या स्थितीत मागे पडते तसे ठेवले की दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. जुने घड्याळवाले हे सर्रास करतात.

चालू असलेले घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर पहिला संशय चुंबकाचा घ्यावा. ब्लूटूथ स्पीकर, मोबाइलच्या कव्हरमधला लोहचुंबक, टॅब्लेटचे झाकण यांच्या जवळ राहिल्याने केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकींना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स भराभर झोके घेऊ लागतो. साधे होकायंत्र जवळ धरून सुई डगमगते का ते पाहिले की अंदाज येतो. चुंबकत्व काढायचे यंत्र बहुतेक कारागिरांकडे असते आणि काम काही सेकंदांचे. क्वार्ट्झमध्ये मात्र चुंबक जवळ असेपर्यंत मोटर अडते, दूर नेले की घड्याळ पुन्हा चालू लागते. मधली वेळ तेवढी हुकलेली असते.

चावीचे मशीन तिघांत सर्वांत साधे. भारतात ते घरोघरी पोचवले एचएमटीने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला 1961 मध्ये घड्याळे बनू लागली आणि 17 ज्वेलचे मशीन असलेली ‘जनता’, ‘पायलट’ ही नावे पुढच्या पिढ्यांच्या मनगटांवर रुळली. ज्वेल म्हणजे चाकांच्या टोकांखाली बसवलेले कृत्रिम माणकाचे खडे. घर्षण आणि झीज कमी करणे एवढेच त्यांचे काम, त्यांना दागिन्याची किंमत नसते. साध्या चावीच्या घड्याळाला 17 पुरेसे होतात. ऑटोमॅटिकमध्ये जास्तीच्या चाकांमुळे ते 21 किंवा 24 असतात, पण म्हणून ते घड्याळ अधिक चांगले ठरत नाही.

चावी रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, घड्याळ हातातून काढून द्यावी. मनगटावर असताना चावी फिरवली की ती तिरकी ओढली जाते आणि तिच्या दांड्यावर ताण येतो. साधारण 25 ते 35 वळशांनंतर चावी घट्ट लागते, तिथे थांबावे. ‘जास्त चावी दिली म्हणून घड्याळ बंद पडले’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात पूर्ण भरलेले घड्याळ चालत नसेल तर दोष चावीचा नसतो. आत तेल सुकून चाके अडलेली असतात, म्हणून भरलेली ताकद खर्चच होत नाही. अर्धवट चावी देऊन घड्याळ ‘जपण्या’नेही काही मिळत नाही. उलट स्प्रिंग उतरत आली की बॅलन्सचे झोके लहान होतात आणि वेळ बिघडते.

ऑटोमॅटिकमध्ये मागच्या झाकणाखाली अर्धचंद्राकार वजन असते, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की ते फिरते आणि स्प्रिंग भरते. स्प्रिंगचे बाहेरचे टोक डब्याच्या भिंतीवर घसरेल असे बसवलेले असल्यामुळे ती जास्त भरली जाण्याची भीती नसते आणि चावी कधीच घट्ट लागत नाही. मियोटा 8215 मध्ये रोटर एकाच दिशेने फिरताना स्प्रिंग भरतो, दुसऱ्या दिशेने मोकळा भिरभिरतो. ती भिरभिर मनगटाला जाणवते आणि नव्या मालकाला वाटते की आत काही सुटले आहे. तसे काही नसते.

ऑटोमॅटिकचा खरा प्रश्न घड्याळ काढून ठेवल्यावर येतो. शुक्रवारी रात्री आठ वाजता काढून ठेवलेले घड्याळ पूर्ण भरलेले असेल तर 40 तासांनी, म्हणजे रविवारी दुपारी बाराच्या सुमारास, थांबेल. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना वेळ, तारीख आणि वार असे तिन्ही पुन्हा लावावे लागतील. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याचा हात फारसा हलत नाही. त्याचे घड्याळ पूर्ण भरतच नाही आणि शनिवारीच थांबते. मग ‘नवे घड्याळ बंद पडते’ अशी तक्रार होते. यावर उपाय म्हणजे घेतानाच चावीने भरता येणारे ऑटोमॅटिक घेणे. एनएच35 तसे भरता येते, जुन्या सायको 5 मधले 7एस26 येत नाही. त्याला हातात आडवे धरून अर्धा मिनिट हलके हलवावे लागते. दुकानात मशीनचा क्रमांक विचारला तर हे कळू शकते. सायकोच्या अनेक घड्याळांत तो मागच्या झाकणावर सुरुवातीच्या चार अक्षर-अंकांत छापलेला असतो.

तारीख लावताना एक पथ्य पाळावे लागते. रात्री साधारण नऊ ते पहाटे चार या वेळेत तारीख आणि वार बदलणारी चाके एकमेकांत अडकलेली असतात. तेव्हा चावी अर्धी ओढून तारीख पुढे ढकलली तर एखादा दात तुटू शकतो. डायलवर नऊ वाजले असतील तर ते सकाळचे की रात्रीचे हे थांबलेल्या घड्याळावरून कळत नाही. म्हणून आधी काटे पुढे फिरवत तारीख बदलेपर्यंत न्यावेत. तारीख बदलली म्हणजे मध्यरात्र उलटली. तिथून पुढे सकाळी सहापर्यंत काटे आणून मग तारीख लावावी. तारखेच्या क्वार्ट्झ घड्याळांनाही हे पथ्य लागू आहे, फक्त ती वारंवार थांबत नसल्याने वेळ क्वचित येते.

क्वार्ट्झचा सांभाळ म्हणजे मुख्यतः सेलचा सांभाळ. साध्या काटेवाल्या घड्याळात बहुधा 1.55 व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल असतो. SR626SW हा त्यातला नेहमीचा आकार आणि तो दोन-तीन वर्षे चालतो. त्याच आकाराचा LR626 हा अल्कलाइन सेल स्वस्त असतो आणि रस्त्यावरच्या टपरीत बऱ्याचदा तोच बसवला जातो. तो चालतो, पण लवकर संपतो, त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि संपल्यावर त्यातले क्षारयुक्त द्रव गळण्याची भीती जास्त. गळलेला सेल सर्किटवरचा तांब्याचा थर खातो आणि मशीन कायमचे जाते. सेल बदलताना SR ही अक्षरे पाहूनच घ्यावा. काही मशीनमध्ये सेल संपत आला की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो. तो बिघाड नसून सूचना आहे, आणि वेळ तरीही बरोबरच असते. थांबलेले घड्याळ सेल आत ठेवून वर्षभर कपाटात पडू देऊ नये. काही महिने वापरायचे नसेल तर चावी बाहेर ओढून ठेवली की मोटर थांबते आणि सेल बराच काळ टिकतो. सेल बदलण्यासाठी झाकण उघडले की आतला रबरी गॅस्केट नीट बसला आहे का हे पाहायला सांगावे, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात काचेच्या आत धुके दिसेल.

मशीन थकले की दोन्ही गटांचे हिशेब वेगळे होतात. स्वस्त क्वार्ट्झ मशीन बहुधा दुरुस्त करत नाहीत, आख्खे बदलतात, आणि ते परवडते. स्प्रिंगच्या मशीनला मात्र चार-पाच वर्षांनी उघडून, सगळे भाग धुऊन, नवे तेल द्यावे लागते. हे कसबाचे काम आहे. साध्या घड्याळाच्या किमतीच्या मानाने त्याचा खर्च डोळ्यांत भरतो, म्हणून एनएच35 सारख्या मशीनच्या बाबतीत अनेक कारागीर सर्व्हिसिंगऐवजी नवे मशीन बसवण्याचाच सल्ला देतात. ऑटोमॅटिक घेण्यापूर्वी आपल्या गावात असे काम करणारा कोणी आहे का हे विचारून घ्यावे. सेल बदलणारा प्रत्येक बाजारात सापडतो, बॅलन्सला हात लावणारा सापडेलच असे नाही.

ऑटोमॅटिकची जाडीही लक्षात घ्यावी लागते. एनएच35 मशीन एकटेच 5.32 मिलिमीटर जाड आहे, मियोटा 2035 सुमारे 3 मिलिमीटर. बारीक मनगटावर आणि शर्टाच्या बाहीखाली हा फरक चांगलाच जाणवतो.

यातून निवड बरीचशी आपोआप होते. एकच घड्याळ घ्यायचे, ते अधूनमधून वापरायचे, वेळ नेमकी हवी आणि सांभाळायला सवड नाही, अशांना क्वार्ट्झच योग्य. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सेल बदलण्याचीही कटकट नको असेल तर प्रकाशावर भरणाऱ्या सेलचे क्वार्ट्झ घेता येते. रोज तेच घड्याळ घालणारा, हिंडता-फिरता माणूस ऑटोमॅटिक सुखाने वापरू शकतो. चावीचे घड्याळ ज्याला सकाळच्या त्या अर्ध्या मिनिटाची आवड आहे त्याच्यासाठी आहे, आणि ते सपाट व हलके मिळू शकते. अडचण एवढीच की 2016 मध्ये एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाल्यापासून परवडणाऱ्या किमतीत असे घड्याळ बहुधा जुनेच मिळते.

जुन्या घड्याळांच्या बाजारात डोळे उघडे ठेवावे लागतात. जुने सायको 5 किंवा एचएमटी घेऊन, केस घासून, डायल पुन्हा रंगवून, दोन-तीन घड्याळांचे भाग एकत्र करून विकण्याचा धंदा मोठा आहे. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भडक निळा, नारिंगी किंवा हिरवा डायल, जाड आणि किंचित पसरलेली अक्षरे, डायलशी न जुळणारे काटे, घासून गोलाई आलेल्या केसच्या कडा ही त्यांची लक्षणे. अशी घड्याळे चालत नाहीत असे नाही, काही वर्षानुवर्षे चालतात. पण ती मूळ घड्याळाच्या भावात घेऊ नयेत. विक्रेत्याला मागचे झाकण उघडून दाखवायला सांगावे आणि मशीनवरचा क्रमांक झाकणावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. मग चार-पाच दिवसांत परत करण्याची मुभा मागून घ्यावी आणि वर सांगितलेली रोजची नोंद करावी. चाल एकसारखी निघाली तर डायल नव्याने रंगवलेला असला तरी मशीन ठीक आहे. ती रोज वेगळी निघाली, तर घड्याळ परत करावे किंवा सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून कमी करून मागावा.